शब्दचर्चा: डबिंगमध्ये 'मेबी टुमॉरो'ला काय म्हणावं?

काना_मात्रा: क्लोज-अप आहे, चेहरा समोरून दिसतो. मुलगा बापाला टाळत म्हणतो, 'मेबी टुमॉरो'. मी 'कदाचित उद्या' लिहिलं, दिग्दर्शक म्हणतात ओठ जुळत नाहीत. 'बहुतेक उद्या' घेतलं तर सहा अक्षरं होतात, मूळ तर पाचच. मग काय घ्यावं?

स्वरांत: अक्षरं लिहिलेली मोजू नका, बोललेली मोजा. 'बहुतेक'मधला शेवटचा 'क' सुटा उच्चारला जात नाही. ब-हु-तेक-उद्-या, म्हणजे पाचच. 'कदाचित उद्या'सुद्धा पाचच भरतं, क-दा-चित-उद्-या. तरी ते पडद्यावर खोटं वाटतं, कारण त्यात ओठ एकदाही मिटत नाहीत. मूळ वाक्यात 'मे', 'बी' आणि 'मॉ' अशा तीन ठिकाणी मिटतात आणि शेवटी 'रो'ला गोल होतात. प, फ, ब, भ, म यांची जागा प्रेक्षकाला लगेच कळते. त, क, च तोंडाच्या आत घडतात, तिथे हवं ते बसवता येतं.

रानवारा: मग 'बहुतेक' चालेल की! 'ब' पहिलाच आहे.

स्वरांत: सुरुवात जुळेल, पण 'मॉ'वर ओठ मिटतात तेव्हा आपण 'उद्' म्हणत असू, आणि शेवटी गोल ओठांवर 'या' पडेल. शिवाय अर्थही सरकतो. 'बहुतेक' म्हणणारा निम्म्याहून जास्त होकाराकडे झुकलेला असतो, हा मुलगा तर टाळतोय. मी 'मग उद्या बघू' घेईन. मग-उद्-या-ब-घू. पहिल्या आणि चौथ्या जागी ओठ मिटतात, शेवट गोल. 'बी'चं मिटणं तेवढं सुटतं.

रानवारा: आमच्या कार्टूनला एवढं लागत नाही. तोंड फक्त उघडतं-मिटतं. वाक्य सुरू कधी, संपलं कधी, एवढं पाळलं की झालं.

स्वरांत: तिथे तेवढं पुरतं. इथे जिवंत चेहरा आहे.

शब्दवेडी: पण 'बघू'त 'मेबी' कुठंय? मूळ शब्द गाळल्यासारखं होतं.

काना_मात्रा: ताई, आपल्याकडे टाळायचं असलं की माणूस 'बघू'च म्हणतो, 'कदाचित' फार कमी. पण स्वरांत, मूळ नट 'मेबी' म्हणून जरा थांबतो, हे सांगायचं राहिलं.

स्वरांत: मग सगळंच बदललं! विराम मोडला तर बाकीची जुळणी फुकट जाते. आधी दोन, मग तीन, अशी विभागणी हवी. 'बघू… मग उद्या.' आता शेवटचा गोल ओठ हातचा जातो. आवाज बंद करून दृश्य हळू चालवा आणि 'रो' किती लांबतो ते पाहा. सेकंदाला २४ फ्रेम असतील तर २-३ फ्रेमचा 'रो' निभावून जाईल. १०-१२ फ्रेम ओठ गोल राहिले तर 'या' उघडा पडेल.

शब्दवेडी: 'बघू… उद्या बघू' म्हटलं तर? विराम राहतो, शेवटही गोल होतो.

स्वरांत: दुसऱ्या तुकड्यात चार होतात. नटाने 'उद्या' घाईने घेतला तर बसेल कदाचित. टेक घेऊन पाहावा लागेल.