उत्तर: शिंपीकाकांना नमस्कार कसा करायचा?

> "खानापुरात आमच्या गल्लीतले शिंपीकाका कर्णबधिर आहेत. दुकानात गेल्यावर त्यांना नमस्कार कसा करू?"

आधी त्यांच्या नजरेत या. मशीन चालू असेल तर मागून खांद्याला हात लावू नका. दचकले तर बोट सुईखाली जाईल. समोरून, थोडं बाजूला उभं राहून पंजा हलवा. तरी लक्ष गेलं नाही तर टेबलावर हलकेच थाप मारा, कंप त्यांना जाणवतो. मशीन थांबलेलं असेल तर खांद्यावर एक-दोनदा हळू टॅप केलेलं चालतं.

नजर मिळाली की हात जोडा. भारतीय सांकेतिक भाषेतही नमस्ते असंच करतात. बरोबरीच्या माणसाला उघडा पंजा हलवला तरी पुरतं. चेहरा मात्र हसरा हवा, कारण आवाजातला आदर इथे चेहऱ्यावरच दिसतो.

आपल्या भागात आणखी एक अडचण येते. काका ओठ वाचत असतील तर मराठी वाचतात की कानडी, हे घरच्यांना विचारून घ्या. मग उजेडाकडे तोंड करून नेहमीच्या वेगाने बोला. ओरडलात की ओठांचा आकार बिघडतो. काकांचा मुलगा बोलणं समजावून द्यायला शेजारी असला तरी बघायचं काकांकडेच.