मदत हवी आहे: हिरवा चुडा आणि ग्रीन स्क्रीन

आमच्या लघुपटात नवी नवरी संध्याकाळी घाटावर उभी आहे. घाट मागाहून बसवायचाय, स्टुडिओ जेमतेम १२ बाय १५ फुटांचा. टेस्टमध्ये पडद्याचा हिरवा रंग की करून काढताना हिरवा चुडाही उडाला, मनगटाला भोक पडलं! नवरी पडद्यापासून चारच फुटांवर होती, त्यामुळे नथीच्या मोत्यांवर आणि पदराच्या जरीवर हिरवी झाक आली. चुडा काढायचा नाही, प्रसंगच त्याचा आहे. म्हणून निळा पडदा लावून तिला पडद्यापासून सात फुटांवर आणावं म्हणतोय. पण निळ्याला प्रकाश जास्त लागतो आणि आमच्याकडे पडद्यासाठी दोनच एलईडी आहेत. पुरतील का? की पटकथेतच हा प्रसंग कमरेपर्यंतच्या शॉटमध्ये लिहून पडद्याचा छोटा भागच उजळावा? आणि निळ्यापुढे जांभळी पैठणी चालेल का?