सोडियम बॅटरी: थंडी, वजन आणि किंमत

> सोडियम स्वस्त आणि थंडीतही चालतं म्हणतात, मग सगळ्या गाड्यांत का नाही घालत?

थंडीचा मुद्दा खरा आहे. लिथियमचा आयन द्रावकाचे रेणू घट्ट धरून ठेवतो. शून्याखाली ते सोडून ॲनोडच्या, म्हणजे ऋण टोकाच्या, ग्रॅफाइटमध्ये शिरायला त्याला वेळ लागतो, आणि तेव्हा जोरात चार्जिंग केलं तर लिथियम धातूच्या रूपात वर साचतं. म्हणून बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, म्हणजे बीएमएस, आधी पॅक गरम करतं, मगच वेग वाढवतं. सोडियमची ही पकड सैल असते. चिनी बॅटरी कंपनी सीएटीएलने २०२५ मध्ये आणलेली सोडियम बॅटरी उणे ४० अंशांतही चालते, असा कंपनीचा दावा आहे. अर्थात केबिनचा हीटर वीज खाणारच, त्यामुळे हिवाळ्यात रेंज थोडी घटतेच.

घोडं अडतं ते वजनापाशी. चीनमध्ये २०२३ साली जॅक कंपनीच्या छोट्या गाडीत २५ किलोवॅट-तासांचा सोडियम पॅक बसवला होता. त्याचे सेल किलोमागे सुमारे १४० वॅट-तासांचे, म्हणजे नुसते सेलच १८० किलोंच्या आसपास. एलएफपी या स्वस्त लिथियम प्रकाराचे १७० धरले तर १४७ किलो. शहरातल्या गाडीला ३०-३५ किलो जास्त चालतील, पण ६० किलोवॅट-तासांना हाच फरक ७५ किलोंवर जातो, आणि जागाही जास्त लागते.

किमतीचं गणित लिथियमच्या भावावर हलतं. २०२२ अखेरीस चीनमध्ये लिथियम कार्बोनेट टनाला सहा लाख युआनजवळ पोचलं, तेव्हा सोडियमची चलती होती. दोन वर्षांत भाव एक लाखाखाली आला. सोडियमला ॲनोडकडेही तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची फॉइल चालते, ही बचत पक्की. पण ग्रॅफाइटच्या जागी लागणारा हार्ड कार्बन स्वस्त नाही. माझ्या मते आधी रिक्षा आणि स्कूटर, लांब पल्ल्याच्या गाड्या नंतर.