साखरेचा स्टॉक जुळत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, कोथरूडला आमचं छोटं किराणा दुकान आहे. मागच्या मोजणीला २० किलो साखर होती, मग ५० किलोची ४ पोती आली, बिलं झाली १८७ किलोची, म्हणजे सिस्टीममध्ये ३३ किलो, आणि काल वजन केलं तर साडेसव्वीसच. साडेसहा किलो गेली कुठे? पोरगा पुडे बांधतो ते काट्यावर ठेवून बघितले तर प्रत्येकात १५ ग्रॅम जास्तच (हात सढळ आहे त्याचा!), त्याचे पावणेतीन-तीन किलो निघाले, पण बाकीचे पावणेचार? पोती आल्यावर वजन केलं नव्हतं, आणि घरी चहाला साखर नेतो त्याची एंट्री कधीच होत नाही. आधी काय तपासू?