जुना ईमेल बंद, पासवर्ड रीसेट होत नाही, सबस्क्रिप्शन रद्द कसं करू? (मदत हवी आहे)

रानजाई

नमस्कार मंडळी, जरा अडकले आहे.

फोटो एडिटिंगच्या एका ऑनलाइन सॉफ्टवेअरचं वार्षिक सबस्क्रिप्शन माझ्या नावावर चालू आहे. खातं उघडलं तेव्हा मी एका छोट्या संस्थेत काम करत होते आणि ईमेल त्या संस्थेच्या डोमेनवरचा होता. पैसे मात्र सुरुवातीपासून माझ्या स्वतःच्या कार्डावरून जातात. संस्था पुढे बंद झाली, डोमेनही गेलं, त्यामुळे तो मेलबॉक्स आता अस्तित्वातच नाही.

‘पासवर्ड विसरलात?’ वर गेलं की ‘या पत्त्याचं खातं असल्यास आम्ही मेल पाठवला आहे’ असं येतं. मेल अर्थातच बंद पत्त्यावर जातो. फोन नंबर मी तिथे कधी जोडलेला नव्हता. ग्राहक सेवेच्या चॅटवर सांगितलं की ईमेल बदलून द्या, तर म्हणाले की नोंदणीकृत ईमेलवरून विनंती पाठवा. त्यांना परत तेच समजावलं, परत तेच उत्तर.

मध्यंतरी माझ्या कार्डाची मुदत संपून नवीन कार्ड आलं. आता पैसे आपोआप थांबतील असं वाटलं होतं, पण नव्या कार्डावरूनही कापले गेले! तो नंबर मी त्यांना दिलेलाच नाही. हे कसं होतं? पुढचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. त्याआधी काय करता येईल?

पाऊलवाट

गूगलच्या ‘खाते पुनर्प्राप्ती’ पानावर जा. नेहमीच्या लॅपटॉपवरून, नेहमीच्या वायफायवरून प्रयत्न करा आणि आठवणारा शेवटचा पासवर्ड टाका. माझं जीमेल असंच परत मिळालं होतं.

रानजाई

धन्यवाद पाऊलवाट, पण हा जीमेलचा पत्ता नाही हो. संस्थेचं स्वतःचं डोमेन होतं, ते आता कुणाच्याच नावावर दिसत नाही.

कडुनिंब

इतका विचार कशाला? बँकेला फोन करून कार्ड हरवलं म्हणून सांगा, ते ब्लॉक करून नवीन नंबर देतील. पैसे जायचे बंद, विषय संपला.

शब्दवेडा

डोमेन कुणाच्याच नावावर नसेल तर तुम्हीच नोंदवा ना! त्यावर तोच जुना पत्ता तयार करायचा, रीसेटचा मेल थेट तुमच्याकडे येईल. तांत्रिकदृष्ट्या शंभर टक्के चालतं.

लेखाजोखा

मी बरीच वर्षं बँकेच्या कार्ड तक्रार विभागात काम केलं आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी कार्डाचं. कडुनिंब, तुमचा उपाय अर्धाच लागू पडतो. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांकडेही अशी सेवा आहे की बँकेने कार्ड बदललं की नवा नंबर आणि नवी मुदत वारंवार पैसे घेणाऱ्या व्यापाऱ्यापर्यंत आपोआप पोचते. वीज, विमा यांची बिलं कार्ड बदलल्यामुळे अडू नयेत हा त्यामागचा हेतू. रानजाई यांच्या बाबतीत बहुधा हेच झालं आहे. सगळ्या बँका आणि सगळे व्यापारी यात नाहीत, म्हणून कुणाचं कार्ड बदलल्यावर थांबतं आणि कुणाचं थांबत नाही. शिवाय न हरवलेलं कार्ड हरवलं असं बँकेला सांगणं चुकीचंच. पुढे याच व्यवहारावर तक्रार करायची वेळ आली तर ते खोटं तुमच्याच अंगाशी येईल.

बँकेला सांगायचं ते वेगळं: ‘या व्यापाऱ्याला दिलेली वारंवार वसुलीची परवानगी मी काढून घेत आहे.’ त्या विशिष्ट व्यापाऱ्याचे व्यवहार अडवायची सोय बऱ्याच बँकांकडे असते. पण ती दुसरी पायरी. पैसे अडवल्याने करार रद्द होत नाही. कंपनीच्या लेखी तुम्ही थकबाकीदार ठरता, आणि वर्षाची बांधिलकी असलेली योजना असेल तर मागणीपत्रं येत राहू शकतात.

पहिली पायरी म्हणजे कंपनीकडे जे मागताय ते बदला. तुम्ही ईमेल बदलून मागितलात. ते देणार नाहीत, आणि त्यांनी देऊही नये, कारण दुसऱ्याचं खातं बळकावणारा माणूसही अगदी हेच मागतो. तुम्हाला खात्यात शिरायचंच नाहीये, फक्त पुढची वसुली थांबवायची आहे. त्यासाठी तो ईमेल तुमचा आहे हे सिद्ध करायची गरज नाही, कार्ड तुमचं आहे एवढं पुरतं. चॅटवरच्या माणसासमोर बहुतेक वेळा खात्याचाच पडदा असतो, म्हणून विनंती बिलिंग विभागाकडे लेखी पाठवा.

मजकूर साधारण असा:

‘मला या खात्यात प्रवेश नको आहे आणि ईमेलही बदलायचा नाही. माझ्या कार्डावरून होणारी वार्षिक वसुली आजपासून रद्द करावी. पुढील वसुलीस माझी परवानगी नाही. खातं शोधण्यासाठी: जुना ईमेल पत्ता, कार्डाचे शेवटचे चार अंक, मागच्या दोन वसुलींच्या तारखा आणि रकमा, स्टेटमेंटवर दिसणारं व्यापाऱ्याचं नाव. रद्द झाल्याची पोच या नव्या ईमेलवर द्यावी.’

शेवटचे चार अंक, तारीख आणि रक्कम एवढ्यावर व्यवहार शोधता येतो. जुन्या कार्डाचेही चार अंक द्या, कारण त्यांच्याकडे अजून तेच दिसत असण्याची शक्यता आहे. तरीही सापडत नाही म्हणाले तर बँकेकडून त्या व्यवहाराचा एआरएन मागून घ्या. हा तेवीस अंकी संदर्भ असतो, त्यावरून व्यापाऱ्याची बँक नेमका व्यवहार काढू शकते. कार्डाचा पूर्ण नंबर, मागचे तीन अंक किंवा ओटीपी मात्र कुणी कितीही मागितला तरी द्यायचा नाही. आणि ग्राहक सेवेचा नंबर सर्च करून शोधू नका, तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. कंपनीच्या साइटवरचाच पत्ता घ्या.

ही विनंती नूतनीकरणाच्या तारखेआधी गेली पाहिजे. त्यानंतरही पैसे कापले गेले तर ‘रद्द केलेल्या सबस्क्रिप्शनची वसुली’ या कारणाखाली बँकेत वाद नोंदवता येतो. मुदत साधारणपणे व्यवहारापासून १२० दिवस असते, पण तुमच्या बँकेची विचारून घ्या. बँक पहिला प्रश्न विचारते तो हाच, की वसुलीआधी कंपनीला कळवल्याचा पुरावा आहे का. चॅट असेल तर त्याची प्रत मेलवर मागवून ठेवा.

शब्दवेडा, डोमेनचा उपाय चालतो हे खरं, पण करू नका. त्या पत्त्यांवर संस्थेतल्या सगळ्यांचेच मेल तुमच्याकडे येऊ लागतील, दुसऱ्यांच्या रीसेट लिंकसकट. तुमचा हेतू चांगला असला तरी तो अधिकार तुमचा नाही.

शब्दवेडा

मान्य, दुसऱ्यांच्या मेलचा विचार मी केला नव्हता. पण मग उद्या कुणीही ते डोमेन घेऊन रानजाईंच्या खात्यात शिरू शकतो की! त्याचं काय?

लेखाजोखा

शिरू शकतो. म्हणून तर अशा पत्त्यावरची खाती तशीच सोडून देणं धोक्याचं. कंपनीला लिहिताना डोमेन सुटलं आहे हे जरूर लिहा. ते खात्याला कुलूप लावू शकतात, निदान तशी नोंद तरी राहील.

सोनचाफा

मला तर असा त्रास फोनवरच्या ॲपने दिला. व्यायामाचं ॲप होतं, ईमेल विसरले होते, पासवर्डही. ॲप काढून टाकलं तरी पैसे जातच होते. शेवटी भाचीने दाखवलं की प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टॅप केलं की Payments & subscriptions मध्ये सगळी यादी असते. तिथून रद्द झालं, ॲपचा पासवर्ड लागलाच नाही. रानजाई, तुम्हीही तिथेच बघा, नक्की सापडेल.

लेखाजोखा

सोनचाफा, तुमचं तिथे झालं कारण पैसे प्ले स्टोअरमार्फत जात होते. रानजाई यांनी स्टेटमेंटवरचं नाव बघावं. GOOGLE ने सुरू होत असेल तर तुमचा मार्ग, APPLE.COM/BILL असेल तर आयफोनच्या सेटिंगमध्ये आपल्या नावाखाली Subscriptions, आणि PAYPAL असेल तर पेपॅलमधली आपोआप होणारी देयकं. थेट कंपनीचं नाव असेल तर यांपैकी कुठेच काही दिसणार नाही.

रानजाई

स्टेटमेंटवर थेट कंपनीचंच नाव आहे. दोन्ही ठिकाणी बघितलं, यादीत काही नाही. बिलिंगचा पत्ता त्यांच्या अटींच्या पानावर अगदी खाली सापडला, तुमचा मजकूर तिथे पाठवते.

मोरपीस

एक राहिलं. जुन्या लॅपटॉपवर किंवा टॅबवर ते सॉफ्टवेअर अजून लॉग-इन आहे का? असेल तर चुकूनही लॉग-आउट करू नका. ईमेल बदलताना पासवर्ड मागतात, पण रद्द करताना बऱ्याच ठिकाणी मागत नाहीत. मी एक मासिक असंच जुन्या टॅबवरून बंद केलं.

रानजाई

जुना लॅपटॉप लावून पाहिला. सॉफ्टवेअर उघडतंय आणि खात्याचं नावही दिसतंय! पण ‘योजना बदला’ वर टिचकी मारली की ब्राउझर उघडून पुन्हा लॉग-इन मागतो. तरी एक फायदा झाला, खात्याच्या माहितीत ग्राहक क्रमांक होता. तो मेलमध्ये जोडला.

रानजाई (काही दिवसांनी)

मंडळी, उत्तर आलं. आधी पुन्हा ‘नोंदणीकृत ईमेलवरून लिहा’ असंच आलं होतं. त्यावर मी एवढंच लिहिलं की मला प्रवेश नको आहे, कार्ड माझं आहे आणि परवानगी मी काढून घेतली आहे. मग त्यांनी जुन्या कार्डाचे चार अंक आणि मागच्या वसुलीची तारीख जुळवून नूतनीकरण बंद केल्याचं कळवलं. चालू मुदत संपेपर्यंत योजना राहील म्हणाले. लेखाजोखा, मनापासून आभार. बँकेतही परवानगी काढून घेतल्याचं लेखी देऊन आले.

नव्या कार्डावरून कापलेल्या मागच्या रकमेचा परतावा मात्र नाकारला. त्यावर वाद घालता येईल का? आणि खात्यात माझे फोटो आहेत, ते पुसायला सांगितलं तर त्यासाठी पुन्हा ईमेलची पडताळणी मागताहेत.

लेखाजोखा

परताव्याचं अवघड आहे. त्या वसुलीआधी तुम्ही रद्द करायला कळवलेलं नव्हतं, त्यामुळे बँक बहुधा कंपनीच्या बाजूने निकाल देईल. फोटो पुसणं हे रद्द करण्यापेक्षा गंभीर मानतात, कारण ते परत आणता येत नाहीत, म्हणून तिथे पडताळणी कडक असते. गोपनीयता विभागाचा वेगळा पत्ता असेल, तिथे ग्राहक क्रमांकासह लिहा.

कडुनिंब

परताव्याबद्दल मी सहमत नाही. नव्या कार्डाचा नंबर दिला नसताना पैसे घेतले, हाच मुद्दा धरून बँकेत अर्ज तरी करा. नाही म्हणाले तर म्हणाले.

मोरपीस

लॅपटॉपवर सॉफ्टवेअर उघडतंय ना, मग मुदत संपायच्या आत सगळे फोटो उतरवून घ्या. नंतर मूळ आकारात मिळतीलच असं नाही.

रानजाई

हो, उतरवणं चालू केलंय. गोपनीयता विभागाला आज लिहिते. बँकेच्या अर्जाचं अजून ठरत नाहीये, कुणी नव्या कार्डाच्या मुद्द्यावर पैसे परत मिळवले असतील तर कृपया इथे लिहा.