प्रतिसाद: बरण्यांचं पॅकिंग

> मिस्टर आजारी आहेत, चिनी मातीच्या बरण्यांच्या ऑर्डर आता मीच पॅक करते, पण फुटल्याच्या तक्रारी येतात. काय करू?

ताई, ठाण्यात जांभळी नाक्याजवळ आमच्या ओळखीच्या वहिनी आहेत, दादांना पॅरालिसिस झाला तेव्हा सगळं त्यांच्यावर आलं. त्यांच्या बरण्या कायम झाकणाच्या कडेलाच फुटायच्या, कारण झाकण बरणीवर ठेवूनच बबल रॅप गुंडाळलेला असायचा आणि गाडीत ते आपटत राहायचं. आता झाकण वेगळं गुंडाळतात, बरणीत कागदाचे बोळे भरतात, खोक्यात सगळीकडून दोन-तीन बोटं जागा ठेवून ती कागदाने ठासतात. टेप लावायच्या आधी खोकं हलवून बघायचं, आत काही सरकलं तर परत भरायचं.

पण खोकं उगाच मोठं नको हं, बरेच कुरिअरवाले आकारावरून वजन धरतात. ३०×२५×२० सेंमी म्हणजे १५,००० भागिले ५,०००, झाले ३ किलो, मग बरणी दीड किलोची का असेना. २५×२०×२० मध्ये बसली तर २ किलोच.

तक्रार आली की वहिनी आधी लिहितात, "ताई, वाईट वाटलं, बाहेरचं खोकं, आतला कागद आणि बरणी असे फोटो पाठवा, आज संध्याकाळपर्यंत कळवते." खोक्याचा कोपरा चेपलेला असेल तर मार वाटेत बसलाय, कुरिअरकडे लगेच क्लेम टाकायचा. खोकं धड आणि बरणी फुटलेली असेल तर बहुतेक भरण कमी पडलंय, तिथे वाद न घालता दुसरी पाठवायची. तुमच्या मिस्टरांना बरं वाटेपर्यंत पॅक केलेल्या खोक्याचा फोटो मात्र रोज काढत जा, क्लेमला तो उपयोगी पडतो.