पहाटे तीन ते पाच : नाईट ड्युटीत जागं ठेवणारं संगीत सुचवा

पारिजात_धंतोली
नमस्कार मंडळी. मी धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात मेडिसिन वॉर्डला नर्स आहे. रात्री आठ ते सकाळी आठ अशी ड्युटी, लागोपाठ सहा रात्री. दोनचा राउंड आणि इंजेक्शनं आटोपली की साधारण सव्वातीनला वॉर्ड शांत होतो. मावशी स्टुलावर पेंगत असते, पंख्यांचा आवाज तेवढा असतो. पाचला ब्लडची सॅम्पल्स काढायची आणि सहाला इनटेक-आउटपुटची बेरीज, तोवर ते दोन तास फार जड जातात. डोळे उघडे असतात, पण समोरच्या फाईलमधली ओळ तीनदा वाचावी लागते.

म्हणून मी मोबाईलवर जुनी हिंदी गाणी लावते, एका कानात इअरफोन. मागच्या मंगळवारी त्यातूनच एक चूक झाली, ती इथे सांगते. एका आजोबांना पाचशे एमएलची सलाईन आठ तासांत द्यायची होती. आमचा सेट वीस थेंबांना एक एमएलचा, म्हणजे मिनिटाला एकवीस थेंब. घड्याळाकडे बघूनच लावले अशी माझी खात्री होती. अर्ध्या तासाने बाटली बघितली तर पाणी अपेक्षेपेक्षा जास्त उतरलेलं. परत मोजले तर अठ्ठावीस निघाले. लगेच कमी केले, डॉक्टरांना कळवलं, छाती तपासून घेतली. आजोबांना काही त्रास झाला नाही. पण हृदयाचा पेशंट होता, ते अठ्ठावीस माझ्या डोक्यातून जात नाहीत.

तर दोन प्रश्न. जाग टिकेल असं काय ऐकावं? आणि त्या थेंबांच्या चुकीत गाण्याचा हात असेल का? आमच्या इनचार्ज सिस्टर हळू आवाजात ऐकायला हरकत घेत नाहीत.

मंगेश_मानेवाडा
ताई, जुनी गाणी म्हणजे अंगाईच की वं. मी रात्री ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला राहतो, ढोलताशा नाही तर डीजेचे रिमिक्स लावून देतो. दोन्ही कानात, फुल्ल आवाज. जितका फास्ट ठोका तितकं रक्त पळते, झोप येतच नाही. रात्रभर चालू ठेवा.

बांसरीवाला
रात्रीच्या वेळी बासरीवरचे संथ आलाप लावावेत. माझ्या आईच्या ऑपरेशननंतर खोलीत आम्ही हेच लावत होतो, तिला फार छान झोप लागायची. रुग्णांना शांत वाटतं.

पारिजात_धंतोली
दादा, पेशंटला झोप लागतेच हो. प्रश्न माझ्या जागं राहण्याचा आहे. 🙂 पण आईंना बरं वाटलं हे वाचून छान वाटलं.

लेहरा
पारिजात, मी एकोणीस वर्षं नर्स आहे आणि त्याहून जास्त वर्षं तबला वाजवतेय. महाल भागातल्या गुरुजींकडे लहानपणी बसले, ते अजून सुटलेलं नाही. म्हणून आधी तुझ्या अठ्ठावीसचंच बोलते.

ते गाणं दादऱ्यातलं होतं का बघ. दादरा सहा मात्रांचा, तीन-तीनच्या दोन भागांत. मिनिटाला चौऱ्याऐंशी मात्रांची लय असेल, तर दर तिसऱ्या मात्रेला एक थेंब पडला की मिनिटाला बरोब्बर अठ्ठावीस होतात. म्हणजे तू रोलर क्लॅम्प फिरवत होतीस आणि थेंब पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर येऊन बसला, तेव्हा हाताला 'जमलं' असं वाटलं. डोळे घड्याळावर असले तरी मोजणं गाण्याच्या ठेक्याने झालं. हे वाजवणाऱ्या माणसालाही होतं. म्हणून माझा नियम एकच आहे आणि तो मी मोडत नाही: थेंब, नाडी, श्वास मोजताना आणि औषधाचा डोस काढताना संगीत बंद. कमी आवाज नव्हे, बंद. श्वास तर पूर्ण मिनिटभर मोजायचा असतो, आणि कानात ठेका चालू असला की छातीच्या हालचालीपेक्षा ठेकाच मोजला जातो.

आता ऐकायचं काय. मंगेशभाऊ म्हणतात त्यात अर्धं खरं आहे, जलद लय दहा-पंधरा मिनिटं जोर देते. पण एकसारखा ठोका मेंदूला ओळखीचा झाला की तो ऐकणंच सोडून देतो, आणि तुम्ही त्याच ठोक्यावर झोपता. फुल्ल आवाजात दोन्ही कान बंद म्हणजे तर बेड नंबर नऊची हाक गेलीच. ते वॉर्डात चालणार नाही.

झोप घालवायला मनाला एक छोटंसं काम लागतं. ते मला तबल्याच्या स्वतंत्र वादनात सापडलं. तीनतालात हार्मोनिअमचा किंवा सारंगीचा लेहरा फिरत राहतो, सोळा मात्रा, पुन्हा सोळा मात्रा. वर तबल्यावर कायदा म्हणजे बांधलेली बोलरचना वाजते, तिचे पलटे म्हणजे फेरफार निघतात, मग तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा, घेऊन वादक समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येतो. समेची वाट बघायची, एवढंच तुझं काम.

पारिजात_धंतोली
ताई, अंगावर काटा आला. गाणं दादऱ्यातलंच होतं, आत्ता लावून टाळी देत बघितलं. लय मात्र नीट मोजता आली नाही.
पण मला ताल येत नाही. सम कुठे आहे ते कसं कळणार?

लेहरा
येत नाही म्हणूनच उपयोगाचं आहे, ज्यांना सहज येतं त्यांना हे काम फार लहान पडतं.

टेबलाखाली डावा हात घे. करंगळीच्या तळाच्या पेरापासून वर तीन पेरं आणि टोक, असे चार. चार बोटं, चार चोक सोळा. अंगठा पेरापेरावर ठेवत जायचा. अनामिकेचं टोक झालं की आठ, मधल्या बोटाच्या तळाशी नववी मात्रा, तिथे तालाची 'खाली' येते. ठेक्यात पुढेच डग्ग्याची घुमक कमी झालेली ऐकू येते. तर्जनीच्या टोकाला सोळा. परत करंगळीच्या तळाशी आलीस की सम. लेहऱ्याची ओळ दर वेळी तशीच सुरू होते, ती ओळखीची झाली की पहिलं पेर आपोआप सापडतं.

एक सांगते, वादनाची सुरुवात घेऊ नकोस. पेशकार संथ असतो, तिथेच डोळे मिटतील. कायद्यापासून जलद रेल्यापर्यंतचा तुकडा घे, पंधरा-वीस मिनिटांचा. साडेतीनला एकदा, सव्वाचारला एकदा. मधे शांतता. रात्रभर लावलंस तर तो पंख्याच्या आवाजासारखा होऊन जातो.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. अंगठा जेव्हा लागोपाठ दोनदा समेला चुकतो, म्हणजे तबला समेवर आला आणि तू मधल्या बोटावर आहेस, तेव्हा संगीत बदलू नकोस, बंद कर. तेव्हा तू झोपेत जाऊन आलेली असतेस, स्वतःला कळलेलंही नसतं. मी अशा वेळी जोडीदारणीला सांगते, चहा पिते आणि परवानगी असेल तर वीस मिनिटं खुर्चीत पडते. चहा पिऊनच पडायचं, उठेपर्यंत तो लागू पडायला लागतो.

कोराडीकर
मी औष्णिक वीज केंद्रात कंट्रोल रूमला होतो, आता निवृत्त. आमच्याकडे तर वाद्यसंगीताचा प्रश्नच नव्हता, अलार्म ऐकायचे असत. मी मनातल्या मनात तुकडोजी महाराजांची भजनं म्हणायचो. माझ्या वडिलांनी मोझरीला खंजिरीवर ऐकलेली. खंजिरीचा तो ठेका उठून बसवणारा असतो. आवाज नाही, मशीन नाही, कोणाला त्रास नाही. ताई, ओठ हलवून म्हणून पाहा, कान मोकळे राहतात. पहाटे चार ते पाच सगळ्यात वाईट वेळ, त्या वेळी आमच्याकडे जेवलेला माणूस हमखास पेंगायचा. डबा दीडच्या आत संपवायचा आणि हलका ठेवायचा.

मंगेश_मानेवाडा
बाप्पा, तबला ऐकून जागं राहता येते हे मले माहीत नव्हतं. पण मी पाहिलं आहे, रिमिक्स चालू असते अन् मी पेंगून राहिलो असतो. लेहराताई बरोबर बोलून राहिल्या.

सिस्टर_आयसीयू
मला इथे विरोध नोंदवायचा आहे. आयसीयूत कुठलंही संगीत नको, एका कानातही नको. आमच्या मॉनिटरचा ऑक्सिजनचा टीप-टीप आवाज सॅच्युरेशन उतरलं की स्वराने खाली येतो. पंच्याण्णवचा शहाऐंशी झाला तर स्क्रीन न बघता कळतं. कानात हार्मोनिअमचा एक स्वर फिरत असेल तर तो उतार कळत नाही, मी स्वतः एकदा उशिरा ओळखला. वॉर्डात चालत असेल, पण चालतं म्हणून करावं का?

लेहरा
सिस्टर, आयसीयूबद्दल पूर्ण मान्य. व्हेंटिलेटर आणि मॉनिटरच्या खोलीत मीही कधी लावलं नाही. वॉर्डात मी इअरफोन वापरत नाही, मोबाईल नर्सिंग स्टेशनवर उलटा ठेवून इतक्या कमी आवाजात की पलीकडच्या बेडवरच्या पेशंटचं खोकणं त्यावर ऐकू येतं. ते ऐकू आलं नाही तर आवाज जास्त आहे. इनफ्यूजन पंप चालू असेल त्या रात्री तर लावायचंच नाही असं माझं मत, पण यावर आमच्याच दवाखान्यात दोन मतं आहेत.

पारिजात, तबला कंटाळवाणा वाटला तर सोहनी राग ऐकून बघ. रात्रीच्या शेवटच्या प्रहराचा आहे. पुरिया आणि मारव्याचेच स्वर, पण ते संध्याकाळचे राग खाली रेंगाळतात आणि सोहनी सतत वरच्या 'सा'कडे उडी घेते. द्रुत तीनतालातली बंदिश घे. मालकंस, दरबारी तेवढे टाळ. फार सुंदर आहेत, पण पहाटे तीनला तळात ओढून नेतात. विलंबित ख्याल तर अजिबात नको. एकतालाचं एक आवर्तन मिनिटभर चालतं, सम येईपर्यंत झोपलेलं मन कुठल्या कुठे गेलेलं असतं.

पारिजात_धंतोली
तीन रात्री करून बघितलं, म्हणून लिहिते.

पहिल्या रात्री लेहरा सापडायलाच वेळ लागला, बोटं सगळी गोंधळली. दुसऱ्या रात्री साडेतीनचा तुकडा छान झाला, तिहाई येऊन समेवर थांबली तेव्हा अंगठा करंगळीच्या तळाशीच होता, फार आनंद झाला. त्याच रात्री चार वाजून चाळीस मिनिटांनी लागोपाठ दोनदा चुकले. एरवी मी फाईल पुढे ओढून तशीच बसले असते. मोबाईल बंद केला, सोबतच्या सिस्टरला सांगितलं, तोंड धुतलं आणि तिने मला पंधरा मिनिटं दिली. पाचला सॅम्पल्स काढताना हात स्वच्छ होता.

तिसऱ्या रात्री सोहनी लावली. ती आवडली, पण मोजायचं विसरून नुसती ऐकत बसले, आणि तेव्हा पेंग आली की नाही हे मला सांगता येत नाही. आयसीयूच्या सिस्टरचं वाचून इअरफोन बॅगेतच ठेवले आहेत. थेंब लावताना आता मोबाईल खिशात बंद असतो, आणि दोन पूर्ण मिनिटं मोजते. काल तेरा नंबरच्या बेडला एकवीसच होते, अर्ध्या तासानेही एकवीसच.

कोराडीकर काका, डबा दीडला संपवायचं सुरू केलंय. खंजिरीची भजनं मला येत नाहीत, पण आमच्या वॉर्डातल्या मावशीला येतात. ती उद्या म्हणून दाखवते म्हणाली आहे.